'फ्रीव्हील' की 'कॅसेट'? छायाचित्रावरून नाव ठरवताना

प्रश्न: सोबतच्या छायाचित्रात सायकलच्या मागच्या चाकावर सात दातेरी चकत्या दिसतात. या भागाला फ्रीव्हील म्हणायचे की कॅसेट? दोन्ही शब्द एकाच वस्तूची नावे आहेत का, आणि मराठीत याला काय म्हणावे?

तुमच्या छायाचित्रातला भाग फ्रीव्हील आहे, कॅसेट नव्हे. बोलताना हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्याचे मूळ असे, की 'फ्रीव्हील' हे नाव आधी एका क्रियेचे आणि मग एका वस्तूचे झाले. उतारावर आपण पायडल मारणे थांबवले तरी चाक फिरत राहते आणि मागून टिकटिक ऐकू येते. चाकाला साखळीपासून अशी मोकळीक देणारी खटक्यांची यंत्रणा म्हणजे मूळ अर्थाने फ्रीव्हील. जुन्या रचनेत हे खटके आणि दातेरी चकत्या मिळून एकच भाग असतो, आणि तो भाग चाकाच्या तुंब्यावरील आट्यांवर पिळून बसवलेला असतो. त्यामुळे यंत्रणेचे नाव साहजिकच त्या संपूर्ण भागाला चिकटले.

नंतरच्या रचनेत खटके चकत्यांपासून वेगळे काढून तुंब्याचाच भाग बनवले गेले. शिमानो कंपनीने १९७८ मध्ये 'फ्रीहब' या नावाने आणलेली रचना याच प्रकारची होती. आता चकत्यांमध्ये यंत्रणा उरली नाही. उभ्या खाचांच्या दंडगोलावर सरकवून बसवायचा आणि वरून एका कड्याने आवळायचा असा तो केवळ चकत्यांचा संच झाला, आणि त्या संचाला 'कॅसेट' म्हणू लागले. हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान पेटी असा आहे. सायकलच्या कॅसेटला पेटीसारखे काहीच नसते, हा भाग वेगळा. म्हणजे मोकळे फिरण्याची क्रिया दोन्ही रचनांमध्ये असते, पण फ्रीव्हीलमध्ये ती चकत्यांच्या पोटात घडते आणि कॅसेटच्या बाबतीत तुंब्याच्या पोटात. एकाच क्रियेमुळे दोन्ही वस्तूंना फ्रीव्हील म्हणण्याची चूक होते ती येथे.

आता छायाचित्राकडे वळू. नुसत्या चकत्या मोजून हा प्रश्न सुटत नाही. पाच किंवा सहा चकत्या असतील तर बहुधा फ्रीव्हील आणि आठ किंवा त्याहून अधिक असतील तर बहुधा कॅसेट, एवढे म्हणता येते. तुमच्या सातच्या संचाबाबत मात्र दोन्ही शक्यता राहतात. म्हणून मी सर्वांत लहान चकतीचे दाते मोजले. साखळी आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेमुळे खालचा भाग झाकला गेला आहे, पण वरच्या बरोबर अर्ध्या वर्तुळात सात दाते स्पष्ट दिसतात, म्हणजे एकूण चौदा. बहु-चकती फ्रीव्हीलची लहान चकती सहसा तेरा किंवा चौदा दात्यांची असते, कारण तिच्या आत खटक्यांना आणि आट्यांना जागा लागते. कॅसेटमध्ये ही अडचण बरीच कमी असल्याने अकरा-बारा दात्यांच्या चकत्या सर्रास आढळतात. अर्थात याला अपवाद आहेत, त्यामुळे दात्यांवरून कल समजतो, निकाल लागत नाही.

निकाल लागला तो मधल्या भागावरून. तुमचे छायाचित्र मोठे करून पाहिल्यास आसाभोवती आतून खाचा असलेले एक वर्तुळ दिसते आणि त्याच्या बाहेरच्या पट्टीवर समोरासमोर दोन बारीक भोके दिसतात. ती पट्टी म्हणजे खटके आणि छर्रे आत कोंडून ठेवणारे झाकण आहे, आणि झाकण तेथे आहे याचा अर्थ यंत्रणा चकत्यांच्या पोटात आहे. कॅसेटमध्ये त्या जागी आवळणारे कडे असते. त्याच्या दर्शनी बाजूवर बारीक रेघांची नक्षी असते आणि पुष्कळदा 'लॉक' हा शब्द व दिशा दाखवणारा बाण रोमन लिपीत कोरलेला असतो. शिमानोच्या भागांवर 'एमएफ'ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ते फ्रीव्हील आणि 'सीएस'ने सुरू होणारा दिसला तर ती कॅसेट, असेही ओळखता येते, पण तुमच्या चाकावर तेथे नेमका वंगणाचा थर आहे.

एरवी एवढा तपशील दिसेलच असे नाही. तशा वेळी मी दोन छायाचित्रे मागवतो. लहान चकतीवर आणि आतल्या खाचांच्या वर्तुळावर एका रेषेत खडूच्या दोन खुणा करायच्या, चाक स्थिर धरून पहिले छायाचित्र घ्यायचे, मग चकत्या हाताने मागच्या दिशेला पाव फेरा फिरवून दुसरे घ्यायचे. आतली खूण जागीच राहिली आणि चकतीवरची मागे सरकली तर ते फ्रीव्हील, कारण त्याचा आतला गाभा तुंब्याला पिळून घट्ट बसलेला असतो. दोन्ही खुणा जोडीने फिरल्या तर ती कॅसेट, कारण तिचे कडे चकत्यांबरोबरच फिरते. स्थिर चित्रात गती दिसत नाही, ही उणीव अशी भरून काढता येते.

नावाचा हा काटेकोरपणा केवळ भाषेपुरता नाही. दोन्ही भाग काढण्याच्या शिमानो पद्धतीच्या पान्यांना बाराच खाचा असतात आणि त्यांच्या व्यासात एक मिलिमीटरहूनही कमी फरक असतो. त्यामुळे चुकीचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच निसटून खाचा खातो. मी स्वतः एकदा सवयीने 'सातची कॅसेट' अशी मागणी नोंदवली होती. आली ती खरोखरच कॅसेट, आणि माझ्या आट्यांच्या तुंब्यावर ती चढवायला काही मार्गच नव्हता. दोष मागणीतल्या शब्दाचा होता.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. 'मुक्तचक्र' असा प्रतिशब्द सुचवला जातो, पण मला तो पटत नाही. त्यातून संपूर्ण चाकच सुटे असल्याचा भास होतो आणि फ्रीव्हील-कॅसेट हा भेद तर मुळीच व्यक्त होत नाही. रुळलेले शब्दच ठेवावेत. मराठीने त्यांना लिंगेही देऊन टाकली आहेत: चाकामुळे 'ते फ्रीव्हील' आणि ध्वनिफितीच्या कॅसेटमुळे 'ती कॅसेट'. कोणता प्रकार आहे हे ठाऊक नसेल तेव्हा 'मागच्या चकत्यांचा संच' असे लिहावे, म्हणजे चुकीचे नाव पडत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मागणी नोंदवताना 'सात चकत्यांचे, चौदा दात्यांपासून सुरू होणारे, आट्यांवर बसणारे फ्रीव्हील' असे लिहा आणि सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोजून तो आकडाही जोडा, कारण छायाचित्रात ती चकती अर्धवट झाकली गेली आहे.