‘मी तर ग्रुपवर टाकलं होतं!’

‘मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टाकी धुण्याची सूचना दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. तरी त्या दिवशी सकाळी तीन घरांतून फोन आले, "पाणी नाही, आम्हाला कोणी कळवलं का नाही?" लोक मुद्दाम वाचत नाहीत असं वाटायला लागलंय. ग्रुपवरचे सुप्रभात आणि फॉरवर्ड बंद करून टाकू का?’

बंदीचं नंतर बघू. पहिल्या भेटीत सेक्रेटरींनी तीच सूचना फोनवर उघडली. तिच्यावर बोट दाबून ठेवलं आणि मेनूतून `Message info` काढलं. ग्रुपमध्ये ९६ जण होते. त्यांना स्वतःला सोडून ७४ जणांची नावं ‘वाचलं’ या यादीत होती आणि २१ जणांपर्यंत संदेश नुसता पोहोचला होता. ज्या तीन घरांतून फोन आले, ती तिन्ही ७४ च्या यादीत निघाली.

‘म्हणजे वाचूनसुद्धा खोटं बोलले!’ ही त्यांची पहिली प्रतिक्रिया. इथे थोडं थांबावं लागतं. निळी खूण म्हणजे माणसाने ती ओळ वाचली असं नव्हे. एखाद्याने रात्री ग्रुप उघडला की साचलेले सगळेच संदेश वाचल्यात जमा होतात, मग त्याने वरपर्यंत सरकवून पाहिलं असो वा नसो. या सूचनेनंतर एका वाढदिवसाच्या निमित्ताने ६३ संदेश पडले होते. ग्रुप उघडणाऱ्याला केक आणि फुलं दिसली. टाकी कुठेतरी वर राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. सूचना लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, तिचा फोटो टाकला होता. फोटो आला की फोनच्या वरच्या पट्टीत ‘फोटो’ एवढंच दिसतं, मजकूर दिसत नाही. शिवाय नंतर कोणी ग्रुपमध्ये ‘टाकी’ असा शब्द शोधला, तर फोटोतली अक्षरं सापडत नाहीत. लेटरहेड हवंच असेल तर ते मागून जोडावं. सूचना टाइप केलेली हवी आणि तिच्या पहिल्या ओळीतच काय, कधी आणि कोणासाठी हे आलेलं हवं. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ इथेच पट्टीतली जागा संपते. सेक्रेटरींची सूचना आम्ही अशी बदलली:

‘पाणी बंद: मंगळवारी सकाळी १० ते दुपारी २, फक्त बी विंग. टाकी धुणार आहोत. सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. अडचण असल्यास ऑफिसला फोन करा.’

आता बंदीबद्दल. गप्पांच्या ग्रुपवर सुप्रभात बंद केलं की त्या बंदीवरूनच शंभर संदेश होतात आणि चार माणसं रुसतात. ज्येष्ठांसाठी तो ग्रुप म्हणजे कट्टा असतो. प्लंबरचा नंबरही तिथेच मिळतो. तो तसाच राहू द्यावा. सूचनांसाठी मात्र वेगळा ग्रुप करावा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील. ग्रुपच्या नावावर टिचकी मारून `Group permissions` मध्ये जायचं आणि सदस्यांसाठी `Send new messages` बंद करायचं, एवढंच. अनेक इमारतींच्या मोठ्या संकुलात अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या कम्युनिटीचा विचार करता येतो, पण ६४ फ्लॅटच्या सोसायटीला साधा ग्रुप पुरतो. नव्या ग्रुपचा आणखी एक फायदा असतो: जुना ग्रुप कित्येकांनी कायमचा म्यूट केलेला असतो, नवा मात्र आवाज करत येतो.

तो आवाज टिकवणं हे खरं काम, आणि बहुतेक ठिकाणी तिथेच घसरतं. लोक लिहू शकत नाहीत, पण कमिटीतले पाच अ‍ॅडमिन लिहू शकतात. त्यातल्या एकाने सणाच्या शुभेच्छा टाकल्या, दुसऱ्याने उद्घाटनाचे फोटो टाकले, की महिन्याभरात हाही ग्रुप म्यूट होतो. म्हणून अ‍ॅडमिन दोनच ठेवले. एकच ठेवू नये, कारण तो ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप अ‍ॅडमिनपद आपोआप दुसऱ्याच कुणाकडे देतं. काय टाकायचं याची कसोटीही एकच ठरवली: ज्यात तारीख आहे किंवा रहिवाशाला काही करायचं आहे, तेवढंच.

यादी करताना खरी गंमत कळली. सेक्रेटरी माणसं मोजत होते, ९६. फ्लॅटवार वही केली तेव्हा ६४ पैकी सात घरांत राहणारं कोणीच ग्रुपमध्ये नव्हतं. त्यातली पाच घरं भाड्याने दिलेली. मालक ग्रुपमध्ये, पण राहायला दुसरीकडे, आणि भाडेकरूला कोणी घेतलेलंच नाही. पाणी मालकाचं जात नाही, भाडेकरूचं जातं. उरलेल्या दोन घरांत ज्येष्ठ जोडपी, साधा फोन वापरणारी. भाडेकरूंना त्यांच्या संमतीने सूचनांच्या ग्रुपमध्ये घेतलं. त्या दोन घरांना वॉचमनने बेल वाजवून सांगायचं ठरलं, आणि लिफ्टजवळ कागद लावायचा.

पिन करण्याबद्दल थोडं. ग्रुपवर एका वेळी तीन संदेश पिन करता येतात आणि मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी निवडता येते. टाकी धुण्याला ७ दिवस ठीक, पण काम झाल्यावर पिन काढायची आठवण हवी. शिळ्या पिना वर लटकत राहिल्या की लोकांची नजर त्या पट्टीला सरावते आणि नवी पिनही दिसेनाशी होते.

वेळ बदलली तर जुन्या संदेशात दुरुस्ती करू नये. दुरुस्ती पहिल्या १५ मिनिटांतच करता येते, आणि केली तरी कोणाचा फोन वाजत नाही. ज्यांनी आधी वाचलं, त्यांच्या डोक्यात जुनीच वेळ राहते. ‘बदल’ या शब्दाने सुरू होणारा नवा संदेश टाकावा आणि जुना पिनवरून काढावा.

वार्षिक सर्वसाधारण सभेची गोष्ट वेगळी. तिला आदर्श उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. ग्रुपवरचा संदेश ही तिची आठवण समजावी. नोटीस बोर्डाची आणि सभासदांना द्यायच्या प्रतीची जागा तो घेत नाही.

पुढच्या टाकीच्या वेळी सेक्रेटरींनी एक सूचना दोन दिवस आधी टाकली आणि दुसरी आदल्या संध्याकाळी, पाणी भरायला वेळ मिळेल अशी. मग रात्री ९ वाजता `Message info` उघडून नुसत्या ‘पोहोचलं’ या यादीतली बी विंगची नावं वहीशी ताडून पाहिली. इथे ही यादी उपयोगी पडते, कारण जे ‘वाचलं’मध्ये नाहीत त्यांनी निदान ग्रुप उघडलेला नाही, हे नक्की. नावं नऊ निघाली, पण त्यातल्या सहा घरांतल्या दुसऱ्या कुणीतरी ग्रुप उघडला होता. उरलेल्या तीन घरांना फोन केले. दोघांनी उचलले, तिसऱ्या घराला कुलूप होतं. मंगळवारी सकाळी फोन एकच आला, तोही ए विंगमधून: ‘आमच्याकडे पाणी आहे ना?’