कौशल्याचे नाव झाकून अनुभवाची ओळ वाचा

प्रश्न: आमच्या गटासाठी डेटा विश्लेषक निवडायचा आहे आणि रेझ्युमे छाननीचे काम पहिल्यांदाच माझ्याकडे आले आहे. प्रत्येकाच्या कौशल्यांच्या यादीत दहा-बारा नावे असतात. अनुभवाच्या भागात त्यांना खरोखर आधार आहे की नाही, हे कसे तपासायचे?

उत्तर:

गेली बरीच वर्षे मी याच प्रकारच्या जागांसाठी रेझ्युमे वाचत आलो आहे. सुरुवातीला मीही तेच करत असे जे बहुतेक जण करतात: यादीतले एकेक नाव घ्यायचे, Ctrl+F ने अनुभवाच्या भागात शोधायचे आणि सापडले की खूण करायची. ही पद्धत दोन्ही बाजूंनी फसवते. `Java` शोधले की `JavaScript` सापडते, आणि `R` शोधले तर जवळजवळ प्रत्येक शब्दावर खूण उमटते. उलट, यादीत एसक्यूएल लिहिणारा उमेदवार अनुभवात फक्त पोस्टग्रेस हे एसक्यूएलवरच चालणाऱ्या डेटाबेसचे नाव लिहितो आणि शोधात काहीच हाती लागत नाही, वास्तविक तो पुरावा पक्का असतो. आणि शब्द सापडला तरी काम सापडले असे होत नाही, ही यातली सर्वांत मोठी अडचण आहे.

म्हणून मी एक साधी कसोटी वापरतो. अनुभवातील ज्या ओळीत कौशल्याचे नाव आले आहे, त्या ओळीत ते नाव बोटाने झाकावे आणि उरलेली ओळ वाचावी. तिच्यात वर्णन केलेले काम त्या कौशल्यावाचून, किंवा त्याहून बरेच सोपे साधन वापरून, होऊ शकले असते का? होऊ शकले असते, तर ती ओळ पुरावा नसून यादीचीच पुनरुक्ती आहे.

उदाहरणासाठी एक कल्पित, पण माझ्यासमोर वारंवार येतो तशाच धाटणीचा रेझ्युमे घेऊ. उमेदवाराने यादीत एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय, मशीन लर्निंग आणि संघनेतृत्व ही पाच नावे दिली आहेत. अनुभवात 2018 ते 2021 अशी पहिली नोकरी आणि 2021 पासून आजपर्यंत दुसरी नोकरी आहे.

दुसऱ्या नोकरीतील पहिली ओळ अशी: ‘विक्री, परतावा आणि ग्राहक या तीन तक्त्यांतील नोंदी ग्राहक-क्रमांकावरून जोडून, दुबार नोंदी काढून, दर सोमवारी सकाळी आपोआप तयार होणारा अहवाल बांधला.’ या ओळीत एसक्यूएल हा शब्दच नाही. तरीही तक्ते एका समान क्रमांकावरून जोडणे आणि दुबार नोंदी ओळखून काढणे हे एसक्यूएलचे रोजचे काम आहे, आणि ज्याने ते केलेले नाही त्याला ही ओळ इतक्या नेमकेपणाने सहसा लिहिता येत नाही. एसक्यूएलसमोर मी निःशंकपणे आधार आहे असे लिहितो.

पुढची ओळ: ‘पॉवर बीआय वापरून व्यवस्थापनासाठी अहवाल तयार केले.’ नाव झाकले की उरते ‘व्यवस्थापनासाठी अहवाल तयार केले’, आणि असे अहवाल एक्सेलमध्येही होतात. डेटा कोठून घेतला, तो किती वेळाने ताजा होत असे, कोणती मोजमापे उमेदवाराने स्वतः रचली, यांपैकी एक तपशील जरी असता तरी माझे मत बदलले असते. येथे मी फक्त उल्लेख आहे असे लिहितो. हा शेरा नकारार्थी नाही, मुलाखतीत काय विचारायचे ते तो सांगतो.

पायथनची ओळ मध्ये कोठेतरी बसते: ‘पायथनच्या साहाय्याने 14 शाखांच्या रोजच्या फाइली एकत्र करण्याचे काम स्वयंचलित केले, त्यामुळे 3 तासांचे काम 10 मिनिटांवर आले.’ काम ठोस आहे, आकडे एकमेकांशी जुळतात, आणि नाव झाकले तरी एखादी लहान आज्ञावली लिहिली गेली असणार हे दिसते. मात्र यातून फाइली हाताळण्यापुरते पायथन सिद्ध होते. तुम्हाला त्याहून मोठे काम करवून घ्यायचे असेल, तर हा आधार अपुरा आहे. कौशल्याला आधार आहे का, या प्रश्नाइतकाच कोणत्या पातळीपर्यंत आहे हा प्रश्न महत्त्वाचा असतो आणि घाईच्या छाननीत तो हमखास सुटतो.

‘मशीन लर्निंग प्रकल्पात सहभाग’ या ओळीत कर्ताच नाही. कोणी काय केले, हे ती सांगत नाही. सहभाग, साहाय्य, समन्वय असे शब्द आले की त्या प्रकल्पातील उमेदवाराच्या वाट्याचे एक तरी क्रियापद मी शोधतो: निवडले, तपासले, मोजले, दुरुस्त केले. एकही सापडले नाही, तर आधार नाही असे धरतो. संघनेतृत्वाखाली ‘दोन नव्या सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिले’ एवढेच आहे आणि दोन्ही नोकऱ्यांत हुद्दा विश्लेषक हाच आहे. प्रशिक्षण देणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण कामाची वाटणी करणे आणि निर्णयाची जबाबदारी घेणे यांचा पुरावा तिच्यात नाही.

यानंतर तारखा पाहाव्यात. वरील उमेदवाराने ‘पायथन, 6 वर्षे’ असे लिहिले असते आणि पायथन फक्त 2021 नंतरच्या नोकरीत दिसत असते, तर हिशेब मांडून पाहावा लागला असता. साधनाचा स्वतःचा काळही कधी कधी बोलतो. पॉवर बीआय सर्वांसाठी खुले झाले ते जुलै 2015 मध्ये, त्यामुळे 2012 साली संपलेल्या नोकरीखाली ते दिसले की मी थांबतो. मात्र लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नये. पुढे पॉवर बीआयचा भाग बनलेले पॉवर पिव्हॉट त्या काळी एक्सेल 2010 सोबत उपलब्ध होते, आणि जुने काम आजच्या नावाने लिहिण्याची चूक प्रामाणिक माणसाकडूनही होते.

या तपासणीला मर्यादा आहेत. रेझ्युमेमधील पुरावा हे शेवटी उमेदवाराचेच म्हणणे असते. यादी आणि अनुभव एकमेकांशी सुसंगत आहेत की नाहीत, एवढेच त्यातून कळते. शिवाय आधार न दिसणे म्हणजे कौशल्य नसणे असेही नाही. गोपनीयतेमुळे काहींना तपशील लिहिता येत नाहीत, आणि क्षेत्र बदलणाऱ्यांनी नवे कौशल्य नोकरीबाहेर कमावलेले असते. अशा वेळी शिक्षण आणि स्वतंत्र प्रकल्प हे भागही त्याच कसोटीने वाचावेत. केवळ कोऱ्या राहिलेल्या रकान्यांवरून मी कोणालाही वगळत नाही. त्या जागेसाठी अत्यावश्यक असलेल्या दोन-तीन कौशल्यांना आधार नसेल, तर आधी लिहून विचारतो.

ज्यांना आधार दिसतो, त्यांनाही त्याच ओळीवरून एक प्रश्न विचारावा. वरच्या उमेदवाराला मी विचारेन, ‘विक्रीच्या ज्या नोंदींचा ग्राहक-क्रमांक ग्राहकांच्या तक्त्यात सापडत नव्हता, त्यांचे तुम्ही काय केले?’ ज्याने फक्त `INNER JOIN` लिहून अहवाल पुढे पाठवला, त्याच्या अहवालातून त्या नोंदी कोणतीही सूचना न देता गळलेल्या असतात आणि विक्रीची बेरीज कमी भरते. ज्याने ते काम खरोखर निभावले, तो बहुधा त्या न जुळलेल्या बेरजेपासूनच सांगायला सुरुवात करतो: फरक कोणाच्या लक्षात आला, `LEFT JOIN` लावून सुट्या नोंदी कशा वेगळ्या काढल्या आणि दुरुस्तीसाठी त्या कोणाकडे परत पाठवल्या.