वरून काढलेला फोटो आणि डावीकडे न वळणारी मान

‘मॅडम, आंघोळीनंतर बाळाचा वरून फोटो काढला तर डोकं मागून उजवीकडे चक्क चपटं दिसलं. कानही वरखाली वाटतात. मेंदूवर दाब तर येत नसेल? सासरी पहिल्या वर्षात जावळ काढायचं म्हणतात, तेव्हा सगळ्यांना दिसेल.’

ही आई बाळंतपणासाठी नागपुरात मानेवाड्याला माहेरी आलेली. नवरा पुण्याला. बाळ साडेतीन महिन्यांचं, चौदा आठवड्यांची लस नुकतीच झालेली. फोटो तिने आधी नवऱ्याला पाठवला होता. त्याने त्यावर रेघा ओढून परत पाठवला आणि रात्रभर दोघंही जागे.

मी तो फोटो पाहिला, पण तिच्याकडून आणखी काही फोटो मागितले. जन्मल्या दिवसाचा, बारशाचा, मधले सहज काढलेले. जन्माच्या वेळी डोकं गोल होतं, चपटेपणा दुसऱ्या महिन्यानंतरचा. आणि बारशापासूनच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत बाळाची हनुवटी उजव्या खांद्याकडे. पाळण्यात, मांडीवर, आजीच्या कडेवर, सगळीकडे तेच. मी विचारलं, अंगावर पाजताना एका बाजूला त्रास देतो का? ती म्हणाली, ‘उजवीकडे घेतलं की रडतो, डावीकडे छान पितो. मला वाटलं उजवीकडे दूधच कमी आहे.’

डावीकडे आडवं धरून पाजताना बाळाला मान उजवीकडे वळवावी लागते. उजवीकडे पाजताना डावीकडे. या बाळाला डावीकडे वळणंच जड जात होतं, दुधाचा काही संबंध नव्हता. मला एवढा अंदाज आला, पण निदान करणं माझं काम नाही. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आणि मी सोबत बसले.

डॉक्टरांनी बाळाला आईच्या मांडीवर बसवलं, स्वतः मागे उभे राहिले आणि दोन्ही तर्जन्या अलगद बाळाच्या कानांवर ठेवून वरून पाहिलं. उजवा कान डाव्यापेक्षा किंचित पुढे सरकलेला, उजवं कपाळही थोडं पुढे. वरून डोकं शाळेतल्या भूमितीतल्या समांतरभुज चौकोनासारखं दिसत होतं. सतत एकाच बाजूवर झोपल्याने चपटेपणा येतो तेव्हा बहुधा असाच आकार दिसतो, कारण ती बाजूच पुढे ढकलली जाते. कवटीच्या मागच्या सांध्याची शिवण वेळेआधी जुळली असेल तर आकार समलंब चौकोनाकडे झुकतो, कान पुढे सरकत नाही आणि त्याच्या मागचं हाड उंचावतं.

फोटोत हा फरक फसवू शकतो, म्हणून पुढची पायरी बोटांची. डॉक्टरांनी टाळूपासून मागपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी शिवणी चाचपल्या. जुळलेल्या शिवणीवर कडक उंचवटा लागतो, तो इथे नव्हता. टाळू मऊ आणि उघडी. डोक्याचा घेर टेपने मोजून लसीकरणाच्या कार्डावरच्या आधीच्या नोंदींशेजारी आलेखावर मांडला. रेषा नीट वर जात होती. शिवण वेळेआधी जुळणं साधारण दोन ते अडीच हजार जन्मांत एकदा आढळतं, आणि त्यातही मागच्या शिवणीचा प्रकार सर्वांत दुर्मीळ. तिने सीटी स्कॅन करायचा का म्हणून विचारलं. तपासणीत शंका नसताना बाळाला किरणं द्यायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. डोक्याच्या दोन तिरक्या कर्णांत कॅलिपरने ११ मिलिमीटरचा फरक आला, तो पुढे तुलनेसाठी लिहून ठेवला.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र मानेला गेला. बाळाला पाठीवर झोपवून खांदे स्थिर धरले आणि डोकं एकेका बाजूला हळूच वळवलं. उजवीकडे हनुवटी खांद्यापर्यंत सहज पोचली. डावीकडे अर्ध्यावर अडली आणि बाळ कुरकुरलं. डोकंही जरासं डावीकडे कललेलं. मानेच्या डाव्या बाजूचा स्नायू आखडला होता. तो आखडला की डोकं डावीकडे कलतं आणि चेहरा उजवीकडे वळतो. मग बाळ दिवसभर त्याच उजव्या मागच्या भागावर टेकतं आणि वाढतं मऊ हाड तिथे दबतं. डोकं चपटं झालं ते यामुळे. मेंदूची वाढ यात अडत नाही, आणि हे ऐकल्यावर ती प्रथमच खुर्चीत मागे टेकून बसली.

घरी आजी होत्या, त्यांच्याशी बोलणं वेगळं झालं. त्या म्हणाल्या, ‘अवो बाई, आमच्या पोरायचे डोके मी तेल लावून हातानंच गोल केले. यालाही राईच्या उशीवर निजवतो आहोच.’ मी म्हटलं, आजी, तेल लावा, पण दाबून आकार द्यायचा नाही, आणि उशी काढा. वर्षाच्या आत बाळाला झोपताना कसलीच उशी नको, श्वासाला धोका असतो. राईची उशी आखडलेली मान सोडवतही नाही. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग विचारलं, ‘मंग मी काय करू?’ मी त्यांना बाळाच्या डाव्या बाजूला बसून खुळखुळा वाजवायला सांगितलं. ते काम त्यांनी फार मनावर घेतलं.

बाकीचं असं ठरलं. झोप पाठीवरच. जागेपणी, कोणीतरी समोर असताना, दिवसातून बऱ्याच वेळा थोडा थोडा वेळ पोटावर. पाळण्यात डोकं दुसऱ्या टोकाला ठेवायचं, म्हणजे खिडकीचा उजेड आणि माणसांची ये-जा त्याच्या डाव्या बाजूला येते. उजवीकडे पाजताना घाई करायची नाही. फिजिओथेरपिस्टने मानेचे दोन व्यायाम आईच्याच हातून करवून घेतले, एक चेहरा डावीकडे वळवण्याचा आणि एक डोकं उजवीकडे कलवण्याचा. व्हिडिओ पाहून कुणी हे करू नये असं मला मनापासून वाटतं. जोर किती लावायचा ते हाताला कळायला शिकवणारा समोर लागतो.

हेल्मेटचं तिने विचारलंच. चपटेपणा बराच असेल, मान सुटूनही सुधारत नसेल, तरच पहिल्या वर्षात त्याचा विचार होतो. ते दिवसातले जवळजवळ सगळे तास घालावं लागतं, आणि आपला नागपूरचा उन्हाळा समोर होता. डॉक्टरांनी दोन महिने थांबून पुन्हा मोजू म्हटलं.

फोटो काढणं मी बंद करायला सांगितलं नाही. फक्त तीन आठवड्यांतून एकदा, केस ओले असताना, बाळाला सरळ बसवून, फोन बरोबर वर धरून, दोन्ही कान आणि नाकाचं टोक दिसेल असा. फोन जरा तिरका झाला किंवा फार जवळ गेला की जवळची बाजू मोठी दिसते. तिचा पहिला फोटो असाच तिरका होता. चपटेपणा खरा होता, पण फोटोत दिसला तेवढा नव्हता. कडक उंचवटा, न वाढणारा घेर, फुगलेली टाळू किंवा वारंवार उलट्या दिसल्या तर तीन आठवडे न थांबता यायचं, हेही तिला सांगून ठेवलं.

सहा महिन्यांना मान दोन्हीकडे सारखी वळत होती आणि बाळ उजवीकडेही मजेत पीत होतं. कर्णांतला फरक ६ मिलिमीटरवर आला, हेल्मेटचा विषय संपला. अकराव्या महिन्यात जावळ निघालं, तेव्हा तिने त्याचा वरून काढलेला फोटो मला पाठवला. उजवीकडे मागे हलकासा सपाटपणा अजून होता. खाली लिहिलं होतं, ‘आत्याबाईंनी डोक्यावर हात फिरवला, त्यांना काहीच लक्षात आलं नाही.’