दुपारचा माग

“आई, उन्हाळ्याच्या सुट्टीत तू दुपारभर नुसती बसून असायचीस? तुला कुठल्याच क्लासला घातलं नव्हतं? आजीला तुझ्यासाठी वेळ नव्हता का?”

चिऊ, आजीचं आधी सांगते, कारण ते मला जरा लागलं. आपल्या सोलापूरच्या घरी नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. आलं की पहाटे उठून सगळी भांडी, पिंप, हौद भरून ठेवायचं. मग डबे, स्वयंपाक, धुणं. दीडच्या सुमारास जेवणं उरकली की आजी शहाबादी फरशीवर पाणी शिंपडायची, खिडक्या लोटून घ्यायची आणि पदर डोळ्यांवर घेऊन आडवी व्हायची. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात. तिच्या दिवसात तेवढेच दोन तास तिचे होते. त्या वेळात तिला हाक मारायची नाही आणि उन्हात जायचं नाही, एवढे दोनच नियम. बाकी आम्ही काय करायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं. मुलांचा वेळ मोठ्यांनी भरून द्यायचा असतो, ही कल्पनाच आमच्याकडे कुणाची नव्हती. बरं होतं की वाईट, मला खरंच ठरवता येत नाही.

झोप येत नसायची. पुस्तकं वाचून संपलेली, पत्त्यांचा कॅट तीन पानं कमी. दादामामा भिंतीला पाय लावून छताकडे बघत पडायचा. मी ओसरीच्या सावलीतून सरकत सरकत शेजारच्या अण्णांच्या शेडच्या दारात जाऊन बसायचे. उन्हात जायचं नाही हा नियम मोडत नव्हता, कारण दोन्ही घरांचे पत्रे एकमेकांना चिकटलेले होते. अण्णांच्या शेडमध्ये चादरीचे चार यंत्रमाग. घरात ते तेलुगू बोलायचे, आमच्याशी सोलापुरी मराठी: “बस की, पण हात लावू नको बघ.” खटखटाट इतका की दुसरं काही बोलताच यायचं नाही. म्हणून बघत बसायचं.

पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे सुटतो, फणी येऊन धागा ठोकते, चादर इंचाइंचानं पुढे सरकते. कंटाळवाणंच की. पण कंटाळा फार झाला की डोळा आपोआप वर जातो. तिथे मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नावाचं यंत्र होतं आणि त्याच्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ फिरत होती. एक आडवा धागा गेला की माळ एका पुठ्ठ्यानं पुढे. धोटा, पुठ्ठा. धोटा, पुठ्ठा. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला कुणीही काही शिकवलेलं नव्हतं, याचा मला आजही थोडा गर्व आहे.

पुढचं अण्णांनी सांगितलं, लाइट गेली होती तेव्हा. (लाइट गेली की माग थांबायचे आणि गल्लीतली झोपलेली माणसं त्या शांततेनं जागी व्हायची.) प्रत्येक पुठ्ठ्यासमोर सुयांची रांग असते. जिथं भोक आहे तिथं सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलून नेते. आकड्याला बांधलेले उभे धागे वर येतात. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा पट्टीवरून सुटतो आणि धागे खालीच राहतात. फूल, मोर, वेलबुट्टी, जे काही चादरीवर दिसतं ते एवढ्यावरच चालतं: भोक आहे किंवा नाही. जॅकार्ड हे खरं तर एका फ्रेंच माणसाचं नाव. हे यंत्र त्यानं 1804 च्या सुमारास लावून दिलं. अण्णांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं.

एका दुपारी चादरीवरच्या प्रत्येक फुलात, त्याच पाकळीत, पांढरा ठिपका दिसायला लागला. अण्णांनी माग थांबवला, पण लगेच कुठं हात घातला नाही. आधी कापडाकडे बघत उभे राहिले. एकाच फुलात वरपासून खालपर्यंत रेघ आली असती तर उभा धागा तुटलेला; तो गाठ मारून जोडला की झालं. सगळ्याच फुलांत खालपर्यंत रेघ आली असती तर एखादी सुई नाहीतर आकडा अडकलेला, कारण एक आकडा प्रत्येक फुलातला एकेक धागा उचलत असतो. इथं रेघ नव्हती. एकाच आडव्या ओळीत, प्रत्येक फुलात एकेक ठिपका, आणि माळ पूर्ण फिरून आली की पुन्हा तेच. म्हणजे दोष धाग्यात नाही, यंत्रातही नाही. एका पुठ्ठ्यात आहे. त्यांनी हातानं माळ मागे फिरवली, तो पुठ्ठा काढला. एका भोकात कापसाचा पिंजा बसला होता. फुंकर मारली, माग सुरू केला आणि मला खुणेनं सांगितलं: बघ. माळ फिरून येईपर्यंत मी हललेसुद्धा नाही. फूल कोरं, स्वच्छ निघालं.

ऑफिसात हिशोब जुळत नाही तेव्हा मी आजही आधी एवढंच बघते की चूक एकदाच आली आहे की फिरून फिरून येते, आणि येते तर किती अंतरानं. हे त्या शेडच्या दारातूनच आलं अशी शपथ मी घेणार नाही. दादामामाही त्याच दुपारी त्याच गल्लीत होता. त्याच्याकडे त्यातलं काही आलं नाही. त्याला झोप मात्र उत्तम लागते, अजूनही.

आणि एक गोष्ट मी तुला सहसा सांगत नाही. अण्णांची मुलगी माझ्याच वयाची होती. मी दारात कंटाळत बसायचे तेव्हा ती आत चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत असायची. पलीकडच्या घरात मावशी आणि त्यांच्या दोघी लेकी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. त्या मुलींना रिकामी दुपार नव्हती. मला होती, कारण आबांचा पगार महिन्याच्या महिन्याला यायचा. अण्णांना कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं आणि शेडमध्ये तंतू इतके उडायचे की माझ्या केसांतून संध्याकाळी ते निघायचे. म्हणून “आमच्या वेळी कसं छान होतं” असं मी म्हणायला लागले की तू मला थांबवत जा.

तुझ्या कपाटात आबांनी दिलेली लाल चादर आहे. कधी वाटलं तर उलटी करून बघ: वर पांढऱ्यावर लाल फूल असेल तर खाली लालावर पांढरं असेल. मग एक फूल धर आणि चादरीच्या लांबीच्या दिशेनं हुबेहूब तसंच पुढचं कुठं सुरू होतं ते बोटानं शोध. माळ तिथं पूर्ण फिरली. एखादा चुकार ठिपका सापडला तर तो धाग्याचा की पुठ्ठ्याचा, मला सांग. नाही बघितलीस तरी चालेल. आणि शनिवारचा पोहण्याचा क्लास मी बंद करणार नाहीये. त्याचे वर्षाचे पैसे भरून झालेत.

आई