चाळिशीचा नंबर चष्म्यामुळे वाढत नाही

गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला हात लांब करावा लागतो म्हणालात, म्हणजे चाळिशी लागली. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठ होत जातं. जवळचं पाहताना ते फुगायला हवं, तेवढं फुगत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही भीती सोडा. भिंग तसंही ताठ होतच राहतं. दूरचा नंबर नसेल तर साधारण पंचेचाळिशीत +१, पन्नाशीत +१.५, पंचावन्नला +२, साठीत +२.५ लागतो आणि मग बहुधा थांबतो. माझा असाच चढला. आत्ताच जास्तीचा घेऊ नका, पुस्तक नाकाजवळ धरावं लागेल. नंबर काही आठवड्यांतच बदलला, तर मात्र रक्तातली साखर तपासून घ्या.