हप्ता कटला नाही असा बँकेचा मेसेज आला, आता दंड किती?

प्रश्न: गाडीचा हप्ता कटला नाही. बँकेकडून "NACH debit returned, insufficient funds" असा मेसेज आलाय. कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, बँकेचं नाही. याचा अर्थ काय, आणि दंड कसा मोजतात?

तुमच्या फायनान्स कंपनीने हप्ता मागितला आणि तुमच्या बँकेने शिल्लक अपुरी म्हणून मागणी परत पाठवली, एवढाच याचा अर्थ. पण मेसेज एक आला म्हणून दंडही एकच, असं समजू नका. दंड घेणारे दोघं आहेत आणि दोघांचा एकमेकांशी हिशेब नसतो. तुमचं खातं असलेली बँक मागणी परत पाठवल्याबद्दल पैसे घेते. फायनान्स कंपनी हप्ता बाउन्स झाल्याबद्दल वेगळे घेते आणि उशिराबद्दल आणखी वेगळे.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ज्या नॅच यंत्रणेतून ही मागणी येते, ती अर्धा हप्ता घेत नाही. पूर्ण मिळाला तर घेते, नाहीतर काहीच नाही. रुपयाभर कमी असला तरी बाउन्स. शिवाय 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि सुट्टीलाही चालते, त्यामुळे "आज सुट्टी आहे, उद्या भरू" हा जुना हिशेब संपला. मागण्या बहुधा सकाळीच लागतात, म्हणून पैसे आदल्या रात्री खात्यात हवेत. आणि ते वापरता येण्याजोगे हवेत. खात्यातल्या काही रकमेवर बँकेने होल्ड ठेवला असेल, तर पासबुकात पैसे दिसतात पण हप्त्याला मिळत नाहीत.

आमच्या ऑफिसातल्या एकाची आकडेवारी सांगतो, त्यातून मोजायची रीत कळेल. दुचाकीचा हप्ता 3,850 रुपये, तारीख 5. पगार 10 तारखेला. पाचला सकाळी खात्यात 3,790 रुपये होते, म्हणजे फक्त 60 कमी. हप्ता परत गेला आणि बँकेने त्याच दिवशी 500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, असे 590 काढून घेतले. खात्यात उरले 3,200. मेसेज वाचून त्याने शंभर रुपये भरले आणि निश्चिंत झाला. इथे भलेभले फसतात. शंभर भरण्याआधीच कमतरता 60 ची नव्हती, 650 ची झाली होती, कारण मधल्या मधे दंड निघून गेला होता. आठ तारखेला कंपनीने पुन्हा मागणी लावली, तीही परत गेली, आणखी 590 गेले.

कंपनीच्या करारात प्रत्येक बाउन्सला 450 रुपये होते, म्हणून दोनदाचे 900. उशिराचा दंड वर्षाला 24 टक्के होता, तोही थकलेल्या हप्त्यावर, म्हणून 3,850 ला 24 टक्क्यांनी गुणून 365 ने भागायचं. दिवसाला 2 रुपये 53 पैसे येतात. हप्ता 11 तारखेला भरला, म्हणजे सहा दिवसांचे साधारण 15 रुपये 19 पैसे. बँकेचे 1,180, कंपनीचे 900 आणि हे 15. साठ रुपयांसाठी जवळजवळ 2,095. उशिराचा दंड यात नगण्य आहे, खरा खड्डा बाउन्सच्या ठरलेल्या रकमांनी पाडला. तरीही लोक फोनवर टक्क्यांवरून भांडतात आणि बाउन्सचे आकडे न बघता भरून मोकळे होतात.

तुमचे आकडे वेगळे असतील. बँकेचा आकडा तिच्या शुल्कपत्रकात बघा. कंपनीचे दोन्ही कर्जाच्या करारात आणि त्याला जोडलेल्या मुख्य तथ्य विवरणात असतात. दर "महिना 2 टक्के" असा लिहिला असेल तर तो वर्षाचा 24 टक्केच आहे, स्वस्त समजू नका. करारात बाउन्स प्रत्येक वेळेला लागतो की महिन्याला एकदाच, तेही वाचा.

फोनवरच्या माणसाने "दंडव्याज" म्हटलं तर त्याला थांबवा. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने दंड व्याजाच्या रूपात लावणं बंद केलं. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे, जुनी कर्जंही 30 जून 2024 पर्यंत यात आणायची होती. दंड आता शुल्क म्हणूनच लागतो आणि तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. त्या शुल्कावर जीएसटी लागत नाही, हे जानेवारी 2025 मध्ये जीएसटीच्या परिपत्रकाने स्पष्ट झालं. मात्र थकलेल्या मुद्दलावर करारातल्या नेहमीच्या दराने व्याज चालूच राहतं, तो दंड नाही. कर्जखात्याचा उतारा मागवा. दंडाची ओळ वेगळी दिसायला हवी. पुढच्या महिन्याच्या व्याजात ती मिसळली असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता काय करायचं? आधी कंपनीला विचारा की पुन्हा मागणी कोणत्या तारखेला लागणार आहे. ती लागणार असेल तर तोपर्यंत हप्ता अधिक बँकेचा दंड, एवढी पूर्ण शिल्लक ठेवा. घाईने यूपीआयने हप्ता भरला आणि मागणीची फाईल आधीच गेलेली असेल, तर पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून भरण्यापूर्वी "पुढची मागणी थांबवली का" हे ईमेलवर लेखी घ्या. आणि हप्ता भरायची लिंक एसएमएसमध्ये आली असेल तर तिच्यावर भरू नका, कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन भरा.

बँकेच्या 590 बद्दल माझं मत स्पष्ट आहे: हा दंड कामाच्या मानाने फार मोठा आहे. चेक परत पाठवताना कुणीतरी कागद हाताळत असे, इथे फाईलमधली एक ओळ मागे जाते. शाखेत जाऊन सौम्य पण लेखी विनंती केली तर पहिल्या वेळचे पैसे परत मिळू शकतात, न मिळाले तर हक्क सांगता येत नाही.

त्याहून मोठा दोष हप्त्याच्या तारखेचा. शोरूममधला एजंट "पाचच ठेवा, सगळे पाचच ठेवतात" म्हणतो आणि आपण सही करतो. पगार दहाला असेल तर तारीख बाराच्या पुढचीच हवी, एजंटला ते आवडो न आवडो. नंतर बदलायची झाली तर नवा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची लेखी परवानगी, द्यावा लागू शकतो. तसं झालं तर जुना रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर दोन्हींतून कापणी होईल. रागाने मॅन्डेट बंद करू नका. कर्ज तसंच राहतं आणि पुढचा हप्ताही परत जातो. अपुऱ्या शिल्लकीमुळे परत गेलेल्या हप्त्याबद्दल पेमेंट आणि सेटलमेंट कायद्याच्या कलम 25 खाली गुन्हाही दाखल होऊ शकतो, त्याआधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरण्याची मुभा असते.

शेवटची सूचना, जी वर सांगायला हवी होती: क्रेडिट कार्डाला दंडशुल्काचं ते परिपत्रक लागू नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तरी नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिथे पोटनियम बघा.