कार्बन डेटिंग आणि झाडांची वलयं: एका वर्षापर्यंत कसं पोचता येतं आणि कुठे थांबावं लागतं

प्रश्न: "कार्बन डेटिंग आणि झाडाच्या खोडातल्या वलयांवरून पुरातत्त्वज्ञ जुन्या जागेचं वय नक्की कसं काढतात? अगदी एकच वर्ष सांगता येतं का? आणि आपल्या लेण्यांचं वय असं काढता येईल का?"

एकच वर्ष सांगता येतं, पण क्वचित. ते जमलेलं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण कॅनडातलं आहे. दोन्ही पद्धती एकमेकींना कुठे हात देतात हे त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून तेच नीट उलगडून सांगतो. मी पुरातत्त्वात एम.ए. केलं आणि नंतर काही हंगाम उत्खननात नमुने गोळा करायचं काम केलं, त्यामुळे मधूनमधून खड्ड्यातल्या गोष्टीही येतील.

न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज नावाची जागा आहे. 1960 साली हेल्गे इंगस्टाड आणि त्यांची पत्नी आन स्टिने इंगस्टाड यांना तिथे गवताच्या ढेपांनी बांधलेल्या घरांचे अवशेष मिळाले. पुढच्या उत्खननात लोखंडी खिळे आणि कपड्याला लावायची कांस्याची टाचणी निघाली. ही वस्ती ग्रीनलंडकडून आलेल्या नॉर्स लोकांची, म्हणजे ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो त्यांची, हे त्यावरून ठरलं. कोलंबसाच्या कित्येक शतकं आधी युरोपची माणसं अमेरिकेत पोचली होती, एवढं पक्कं झालं. पण नेमकी कधी? तिथल्या नमुन्यांच्या शंभराहून जास्त कार्बन तारखा काढल्या गेल्या, तरी नॉर्स वस्तीसाठी मिळालेलं उत्तर ऐसपैसच राहिलं.

असं का होतं, ते आधी सांगतो. वरच्या वातावरणात अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे नायट्रोजनपासून कार्बन-14 तयार होत राहतो. झाडं तो हवेतून घेतात, आपण आणि जनावरं अन्नातून घेतो. जीव गेला की नवा कार्बन येणं थांबतं आणि आत असलेला कार्बन-14 घटत जातो, दर 5730 वर्षांनी निम्मा. उरलेला मोजला की मरणाला किती काळ लोटला ते कळतं. मात्र या हिशेबात एक गृहीतक आहे, की हवेतलं कार्बन-14चं प्रमाण कायम सारखंच होतं. ते तसं नव्हतं. सूर्याच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या चढउतारांबरोबर ते हलत राहिलं आहे.

म्हणून प्रयोगशाळेतून येणारी '1000 अधिक-उणे 30' अशी संख्या ही तारीख नसते. ती फक्त मोजमाप असते, आणि '1950 सालापूर्वी इतकी वर्षं' या ठरीव पद्धतीने लिहिलेली असते. नवखा माणूस 1950 मधून 1000 वजा करून इ.स. 950 सांगतो, आणि तिथेच चुकतो. ही संख्या दुरुस्तीच्या आलेखावर ठेवली की खरं उत्तर साधारण इ.स. 990 ते 1150 या पट्ट्यात येतं, तेही दोन तुकड्यांत, मधली काही वर्षं वगळून. सरळ वजाबाकीचं 950 त्या पट्ट्यात बसतसुद्धा नाही.

हा दुरुस्तीचा आलेख येतो कुठून? झाडांकडूनच. थंड प्रदेशात झाड दरवर्षी एक वलय टाकतं, चांगल्या वर्षी रुंद आणि वाईट वर्षी अरुंद. एकाच भागातल्या सगळ्या झाडांत रुंद-अरुंदांचा क्रम सारखा दिसतो. आज उभ्या असलेल्या झाडाची आतली वलयं जुन्या घराच्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायची, त्या तुळईची आतली वलयं दलदलीत सापडलेल्या खोडाशी जुळवायची, आणि असंच मागे मागे जायचं. अशी काही हजार वर्षांची अखंड साखळी तयार झाली, की तिच्यातल्या प्रत्येक वलयाचं वर्ष माहीत असतं. लाकडाचं वलय एकदा पूर्ण झालं की त्यात नवा कार्बन जात नाही. त्यामुळे त्या वलयातला कार्बन-14 मोजला की त्या वर्षीच्या हवेची नोंद हातात येते.

आता गंमत बघा. 2012 मध्ये जपानच्या फुसा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या जपानी सीडर झाडांची वलयं एकेक सुटी करून मोजली. तोवर बहुतेक मोजणी दहा-दहा वलयांचा गठ्ठा करून होत असे. त्यांना इ.स. 774-775 च्या वलयात कार्बन-14 एकदम सव्वा टक्क्याच्या आसपास वाढलेला दिसला. पुढच्या वर्षी त्यांनी तसाच, जरा लहान उसळा 993-994 मध्ये दाखवला. त्यामागे सूर्याकडून आलेल्या कणांचं प्रचंड वादळ असावं असं आता मानलं जातं. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे: हवा जगभर मिसळते, त्यामुळे हा उसळा त्या काळी उभ्या असलेल्या सगळ्या झाडांत उमटला. झाड जपानातलं असो की कॅनडातलं, वलयांच्या गर्दीत 993चं वलय खूण केल्यासारखं ओळखू येतं.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या गटाने हीच खूण लान्स ओ मेडोजच्या लाकडात शोधली आणि 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी निवडलेले तीन तुकडे तीन वेगवेगळ्या झाडांचे होते. ते निवडण्यामागे दोन कारणं होती. एक म्हणजे त्यांच्यावर धातूच्या पात्याने स्वच्छ कापल्याच्या खुणा होत्या, आणि त्या भागातले मूळ रहिवासी तशी पाती वापरत नव्हते. दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं: तिन्ही तुकड्यांत सालीलगतची शेवटची कड शाबूत होती. म्हणजे झाड तोडलं तेव्हाचं शेवटचं वलय तिथे होतं. मग धारदार पात्याने एकेक वलय वेगळं करायचं, आम्ल आणि अल्कलीने धुऊन मातीतून आलेला परका कार्बन काढायचा, आणि उरलेल्या लाकडाचं मोजमाप घ्यायचं. आजच्या यंत्रांना त्यासाठी काही मिलिग्रॅम पुरतात.

तिन्ही झाडांत उसळा सापडला, आणि त्या वलयानंतर सालीपर्यंत तिन्हींत 28 वलयं भरली. 993 अधिक 28, म्हणजे 1021. तीन वेगळी झाडं आणि तिन्हींचं उत्तर एकच, हा योगायोग असणं फार अवघड आहे. शेवटचं वलय किती वाढलं होतं यावरून तर एक झाड वसंतात आणि दुसरं उन्हाळ्यात किंवा शरदात तोडलं हेही सांगता आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कुऱ्हाड चालवली, त्याचा ऋतूसुद्धा कळतो.

तरीही यातून काय कळत नाही ते लक्षात घ्या. 1021 हे झाडं तोडल्याचं वर्ष आहे. ती माणसं आदल्या वर्षी आली की दहा वर्षं आधी, आणि परत कधी गेली, हे ते लाकूड सांगत नाही. पुरातत्त्वात जवळजवळ प्रत्येक तारखेचं असंच असतं. तारीख नमुन्याची मिळते, घटनेची नाही, आणि त्या दोहोंमधलं अंतर उत्खनन करणाऱ्यालाच भरून काढावं लागतं.

साल नसती तर हे अंतर आणखी वाढलं असतं. समजा चुलीत सागाच्या जुन्या खांबाचं लाकूड जाळलं आणि आपल्या हाती कोळसा आला तो गाभ्यातला. गाभ्यातली वलयं झाड तोडण्याच्या शंभर-दीडशे वर्षं आधीच कार्बन घ्यायची थांबली असतील, आणि खांबही चुलीत जाण्याआधी घरात दोन पिढ्या उभा असेल. मोजमाप अचूक येतं, पण चूल आहे त्यापेक्षा शतकभर जुनी ठरते. म्हणून आम्हाला मोठ्या कोळशापेक्षा जळलेला धान्याचा दाणा प्रिय. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत जवाचे जळके दाणे मिळाले आहेत. तो दाणा एकाच हंगामातला असतो.

नमुना चुकीच्या जागचा असला तर काहीच उपयोग नाही. एका उत्खननात मी स्वतः एका जमिनीच्या थरातून कोळसा उचलला होता. अहवाल आला तेव्हा तो जवळपास आजचाच निघाला. नंतर खड्ड्याची बाजू घासून पाहिली तर वरून खाली आलेलं घुशीचं बीळ दिसलं, भोवतालच्या मातीपेक्षा भुसभुशीत आणि रंगाने जरा वेगळं. ते आधी पाहायला हवं होतं. तेव्हापासून नमुना उचलण्याआधी बाजू घासून फोटो काढल्याशिवाय मी पुढे जात नाही. नमुना फार जुना असेल तर अशी भेसळ आणखी महागात पडते. ज्यात कार्बन-14 मुळीच उरलेला नाही अशा लाखो वर्षं जुन्या वस्तूत एक टक्का आजचा कार्बन मिसळला, तर ती साधारण 37,000 वर्षांची दिसेल. या पद्धतीची मर्यादा 50,000 वर्षांच्या आसपास संपते ती त्यामुळेच. त्यापुढे उरलेला कार्बन-14 इतका थोडा असतो की भेसळ आणि खरा नमुना वेगळे करता येत नाहीत.

आपल्याकडच्या अभ्यासाला सगळ्यात जास्त छळणारी अडचण मात्र वेगळीच आहे. दुरुस्तीचा आलेख इ.स.पू. 800 ते 400 या काळात जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांत हवेतला कार्बन-14 अशा रीतीने घटला, की इ.स.पू. 700 चा नमुना आणि 450 चा नमुना आज मोजला तर दोन्ही सारखेच दिसतात. विदर्भात नायकुंड, माहुरझरी अशा ठिकाणची लोहयुगीन दगडी वर्तुळं बरीचशी याच सुमाराची. तिथे कितीही महागडं यंत्र वापरलं तरी एकट्या कोळशावरून शतक सांगता येत नाही. तिथे खालच्या-वरच्या थरांचा क्रम, खापरांचे प्रकार आणि अनेक तारखा एकत्र मांडून पट्टा अरुंद करावा लागतो. कोणी त्या काळासाठी एकाच नमुन्यावरून नेमकं वर्ष छातीठोकपणे सांगितलं, तर पूर्ण पट्टा काय आला होता हे जरूर विचारा.

मग आपल्याकडे वलयांनीच काम का भागवू नये? कारण आपल्या बहुतेक झाडांत वर्षाचं वलय स्पष्ट उमटत नाही. साग त्याला अपवाद आहे. तो पानं गाळतो आणि त्याची वलयं चांगली दिसतात, म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास होतो. पण ती साखळी काही शतकंच मागे जाते. शिवाय उत्खननात मिळतो तो नखाएवढा कोळसा. क्रम जुळवायला सलग कित्येक वलयं लागतात, ती त्यात नसतात.

आता लेण्यांचं. दगडात मोजण्याजोगा सजीवाचा कार्बन नाही, त्यामुळे कोरलेल्या भिंतीचं वय यातून निघत नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात मात्र भाताची तुसं आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आहेत. तूस एका हंगामाचं, म्हणजे तत्त्वतः उत्तम नमुना. त्याची तारीख काढली तर गिलावा साधारण कधी लावला ते कळेल. भिंत त्याआधी किती वर्षं कोरून तयार होती, हे त्या तुसाला सांगता येणार नाही. त्यासाठी शिलालेख, अक्षरांचं वळण आणि कोरीवकामाची शैली यांच्याकडेच जावं लागतं.